तो ‘उ’ कोणाचा?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. संस्कृत आणि मराठी, दोन्ही विषयांत संधीच्या कार्यपत्रिका येतात. ‘संधी करा’मध्ये त्याचं क्वचितच काही चुकतं. मागे एकदा ‘एक + एक = एकैक’ लिहिलं ते मराठीत चूक आलं, तेवढंच. पण ‘संधी सोडवा’ आलं की दहापैकी चार-पाच चुका ठरलेल्या. या वेळी मनोरंजन = मनो + रंजन, महोत्सव = मह + उत्सव, परीक्षा = परी + इक्षा, समीक्षा = समि + ईक्षा असं लिहून आला. ‘रवी + इंद्र’ संस्कृतच्या सरांनी चूक दिलं आणि मराठीच्या बाईंनी बरोबर दिलं. नियम त्याला तोंडपाठ आहेत, मग अडतं कुठे? मी स्वतः संस्कृत शिकलेली नाही. घरी काय करून घेऊ?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, नियम पाठ आहेत म्हणूनच तो जोडताना चुकत नाही. सोडवताना मात्र नियम अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत येतो. गणेश, रमेश, सुरेंद्र आणि महेंद्र हे चार शब्द एकाखाली एक लिहून त्याच्यासमोर ठेवा. चारही ठिकाणी ‘ए’ आहे आणि चारही ठिकाणी गुणसंधी आहे. पण गणेशमध्ये गण + ईश, म्हणजे अ आणि ई. रमेशमध्ये रमा + ईश, म्हणजे आ आणि ई. सुरेंद्रमध्ये सुर + इंद्र, अ आणि इ. महेंद्रमध्ये महा + इंद्र, आ आणि इ. जोडताना चारही वाटा एकाच ‘ए’पाशी येतात. उलट निघालं की त्या ‘ए’पासून चार वाटा फुटतात, आणि त्यांतली कोणती धरायची हे नियम सांगत नाही. ते शब्द सांगतात. त्याला नियम येतात, शब्द कमी ओळखीचे आहेत. अडतं ते इथे.

याला संस्कृत यायलाच हवं असं नाही. रोजच्या मराठीवर काम भागतं. मी वर्गात मुलांना सांगते की संधीत शब्दाचं टोक झाकलेलं असतं, तर तोच शब्द दुसरीकडे कुठे उघडा दिसतो ते शोधा. ज्या शब्दापुढे व्यंजन येतं त्याचं शेवटचं टोक उघडं राहतं. ज्या शब्दाच्या अलीकडे व्यंजन येतं त्याचं पहिलं टोक उघडं राहतं.

‘परीक्षा’ घेऊ. जोडाची जागा ‘री’मधली दीर्घ ई. दोन इ मिळून ती झाली हे तुमच्या मुलाने ओळखलंच आहे. चूक झाली ती कोणती ऱ्हस्व आणि कोणती दीर्घ यात. पहिला भाग उघडा कुठे दिसतो? परिसर, परिवार, परिपूर्ण, परिणाम. सगळीकडे ‘परि’ ऱ्हस्व. ‘परी’ ही गोष्टीतली, तिचा इथे संबंध नाही. आता दुसरा भाग इक्षा की ईक्षा? याचं उत्तर त्याच्याच कार्यपत्रिकेत, पुढच्या शब्दात होतं. समीक्षा म्हणजे सम् + ईक्षा. पाय मोडलेल्या म्-ला पुढची ई जशीच्या तशी येऊन चिकटली. तिथे दुसरा स्वरच नाही, त्यामुळे ईमध्ये काही मिसळलेलं नाही. म्हणजे जी दीर्घ ई दिसते ती ईक्षाचीच. त्याने ‘समि’ लिहिलं कारण ई दिसली की दोन इ शोधायच्या अशी सवय लागली आहे. ‘समि’ हा उपसर्ग नाही. ‘सम्’ मात्र संमती, संगम, संयोग यांत आहे, तिथे त्याच्या म्-चा अनुस्वार झाला आहे. ईक्षा म्हणजे पाहणं. निरीक्षण आणि प्रतीक्षा यांतही तीच ई आहे. अपेक्षा आणि उपेक्षा म्हणजे अप + ईक्षा आणि उप + ईक्षा, तिथे ती अ-मध्ये मिसळून ए झाली. एकदा ‘ईक्षा’ ओळखीची झाली की हे सगळं घराणं एका बैठकीत सुटतं. निदान एक संध्याकाळ त्याला फक्त या घराण्यावर बसवा, वेळ सत्कारणी लागेल.

सोडवताना सुरुवात उजवीकडून करायला लावा. मुलं डावीकडून वाचत येतात आणि जिथे श्वास थांबतो तिथे तोडतात, म्हणून ‘सूर्यो + दय’सारखी उत्तरं येतात. दुसऱ्या शब्दाचं शेपूट मात्र शाबूत असतं, ते आधी पकडावं. महोत्सवमध्ये जोड ‘हो’पाशी आणि शेपूट ‘त्सव’. ‘त्सव’ असा शब्द नाही, त्याच्या आधी स्वर हवा. ‘ओ’मधून उ काढून दिला की ‘उत्सव’ झाला, आणि गणेशोत्सव, उत्सवमूर्ती हे त्याने ऐकलेलं आहे. ओ-मधला उ गेला, आता उरला अ किंवा आ, म्हणजे ‘मह’ किंवा ‘महा’. उघडा शब्द शोधा : महाराष्ट्र, महापूर, महासागर. ‘महा’ दीर्घ. म्हणून महा + उत्सव. तुमच्या मुलाने अर्धा भाग बरोबरच काढला होता. उत्तरार्ध सापडला की तो थांबतो आणि उरलेलं जसं दिसेल तसं लिहून टाकतो. पहिल्या शब्दासाठीही तेवढाच शोध घ्यायला हवा.

आता मनोरंजन. ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, म्हणून इथे जरा थांबते. सूर्योदयमध्ये ओ आहे आणि मनोरंजनमध्येही ओ आहे. कानाला दोन्ही सारखेच. एकात गुणसंधी आणि दुसऱ्यात विसर्गसंधी हे ओळखायचं कसं?

गंमत अशी की दोन्ही ठिकाणी ओ हा अ आणि उ मिळूनच झालेला आहे. सूर्योदयमधला उ ‘उदय’चा. मनोरंजनमधला उ मात्र ‘रंजन’चा नाही, ‘उरंजन’ असा शब्दच नाही. तो आला ‘मनः’च्या विसर्गातून. मूळ शब्द ‘मनस्’. पाणिनीच्या व्याकरणात ही प्रक्रिया पायरीपायरीने दिली आहे : आधी स्-चा र् होतो, पुढे मृदू व्यंजन आलं तर त्या र्-चा उ होतो, मग मन + उ असं होऊन आद्गुणः या सूत्राने ओ. म्हणून विग्रह करताना ‘मनो’ लिहून चालत नाही. ‘मनो’ हा जोड झाल्यानंतरचा चेहरा आहे, जोडाआधी तो ‘मनः’ होता.

तेव्हा ओ दिसला की मुलाने एकच प्रश्न विचारावा : यातला उ कोणाचा? शेपटीला उ लावून पाहावा. प्रश्नोत्तरमध्ये ‘उत्तर’ झाला, म्हणजे उ त्याचा, विग्रह प्रश्न + उत्तर. तपोवनमध्ये ‘उवन’ होत नाही, ‘वन’ स्वतःच पूर्ण शब्द आहे. मग उ विसर्गाचा, विग्रह तपः + वन. वयोवृद्ध, यशोधन, तेजोमय, अधोगती, सरोवर हे सगळे याच रांगेतले. शाळेच्या कार्यपत्रिकांत पुन्हा पुन्हा येणारे विसर्गाचे शब्द फार नाहीत : मनः, तपः, यशः, तेजः, वयः, अधः, सरः, शिरः, तमः. एवढे ओळखीचे झाले तरी पुष्कळ.

‘मनः’ उघडा कुठे दिसतो असं तो विचारेल. ‘मनःपूर्वक’ आणि ‘मनःशांती’ दाखवा. तिथे विसर्ग जसाच्या तसा आहे, कारण पुढे प आणि श ही कठोर व्यंजनं आहेत. पुढे त आला तर त्याचा स् होतो : मनस्ताप. च आला तर श् : मनश्चक्षू. एकच ‘मनः’ पुढचा शेजारी पाहून रूप बदलतो. हे चार-पाच शब्द एका पानावर लिहून भिंतीला लावलेत तरी विसर्गसंधीचा बराच भाग रोज डोळ्यांखालून जाईल. एक सावध करते. ‘मनोकामना’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण क कठोर असल्यामुळे नियमाने ते मनःकामना व्हायला हवं. विग्रह विचारला तर मनः + कामना लिहावा, पण नियम शिकवायला हा शब्द उदाहरण म्हणून घेऊ नये.

चौकस मुलगा असेल तर पुढचा प्रश्न येईलच : मग पुनर्जन्मचं ‘पुनोजन्म’ का झालं नाही? ‘पुनः’मध्येही अ-नंतर विसर्ग आहे आणि पुढे मृदू ज आहे. कारण ‘पुनः’चा विसर्ग स्-चा नाही, तो मुळातच र्-चा आहे. शब्दच ‘पुनर्’. त्या मूळच्या र्-चा उ होत नाही, तो पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. अंतर्गतमधला ‘अंतर्’ तसाच. कार्यपत्रिकेत पुनः + जन्म लिहिलेलं बरोबर धरतात, फक्त असे शब्द वेगळे लक्षात ठेवायचे.

उत्तर लिहून झालं की पुन्हा जोडून पाहण्याची सवय लावा. ‘समि + ईक्षा’ जोडलं तरी समीक्षाच होतं, ‘परी + इक्षा’ जोडलं तरी परीक्षाच. म्हणजे या पडताळणीत जे नापास झालं ते नक्की चूक, पण जे पास झालं ते बरोबर असेलच असं नाही. ‘मनो + रंजन’सुद्धा चिकटवलं की मनोरंजनच दिसतं, पण तिथे संधी झालेलाच नाही, नुसतं चिकटवलंय. ज्या विग्रहात जोडताना काहीच बदलत नाही तिथे पेन थांबलं पाहिजे. सम् + ईक्षासारखे थोडे शब्द सोडले तर तिथे बहुधा चूक असते.

याचं मला आवडणारं उदाहरण ‘स्वागत’. स्व + आगत जोडलं तर दीर्घसंधीने स्वागत. सु + आगत जोडलं तर उ-चा व् होऊन, म्हणजे यण् नियमाने, पुन्हा स्वागत. नियमाने दोन्ही बिनचूक. निवाडा अर्थावर होतो. दारात आलेल्याला आपण म्हणतो की आलात, छान झालं. ‘सु’ म्हणजे चांगलं, ‘आगत’ म्हणजे आलेला. सुविचार, सुपुत्र, सुवार्ता यांतला तोच सु. म्हणून सु + आगत. आणि लगेच शेजारी ‘स्वाभिमान’ ठेवा. तिथे ‘सु’ नाही, स्वतःचा अभिमान आहे, म्हणून स्व + अभिमान. हे दोन शब्द मुलाला समजावून सांगू नका. दोन्ही विग्रह लिहून द्या आणि कोणता का, ते त्याला तोंडी सांगायला लावा. अर्थ बोलून दाखवता आला की विग्रह पक्का होतो.

‘रवी + इंद्र’बद्दल सर आणि बाई दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे. संस्कृतात शब्द ‘रवि’, ऱ्हस्व. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा इ-कार आणि उ-कार दीर्घ लिहितो, म्हणून एकटा शब्द ‘रवी’, ‘कवी’, ‘गुरू’. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली राज्य शासनाने स्वीकारले, तेव्हापासून शाळांत हे असंच शिकवतात. पण त्याच नियमांप्रमाणे हा तत्सम शब्द समासात पहिला आला तर ऱ्हस्वच राहतो. दिनदर्शिका काढून दाखवा : रविवार, गुरुवार. दोन्ही ऱ्हस्व, आणि दोन्ही उघडे.

संधी झाल्यावर इ + इ असो की ई + इ, दीर्घ ईच होते, म्हणून जोडताना हा वाद उठत नाही. फक्त विग्रह लिहिताना उठतो. माझा सल्ला असा की दोन्ही विषयांत ‘रवि + इंद्र’ लिहावं. हा संधी मूळ संस्कृत रूपाचा आहे, आणि मराठीच्या शिक्षकांनी ‘रवि’ चूक दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. गिरीश = गिरि + ईश, उघडं रूप ‘गिरिजा’. प्रश्नपत्रिकेतल्या ‘लघूत्तरी’मध्ये लघु + उत्तर, उघडं रूप ‘लघुकथा’. पण सगळेच शब्द ऱ्हस्व असतात असा उलटा समज होऊ देऊ नका. रजनीशमध्ये ‘रजनी’ दीर्घच आहे, रजनीगंधा आठवा. शंका आली की समासातलं रूप बघायचं, हा एकच दंडक ठेवा.

राहिलं ‘एकैक’. संस्कृतच्या पेपरात ते पूर्ण बरोबर ठरलं असतं : अ + ए = ऐ, वृद्धी. मराठीत मात्र आपण ‘एकेक’ म्हणतो आणि तसंच लिहितो. इथे पहिल्या शब्दाच्या शेवटचा अ गळून पडतो आणि पुढचा ए तसाच राहतो. मराठी व्याकरणात याला पररूप संधी म्हणतात. मराठीचे स्वतःचे संधी वेगळ्या वाटेने चालतात. घर + ई याला संस्कृत नियम लावला तर ‘घरे’ होईल, पण आपण ‘घरी’ म्हणतो. हात + ऊनचं ‘हातून’ होतं. उलट नदी + आत यात पुढचा आ गळतो आणि ‘नदीत’ राहतं, हा पूर्वरूप संधी. यण् लावला असता तर ‘नद्यात’ झालं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. जोडातला एक भाग मराठी प्रत्यय असेल किंवा जोडलेला शब्द आपण बोलताना घडवलेला असेल, तर संस्कृतचा तक्ता बाजूला ठेवायचा आणि तो शब्द मोठ्याने म्हणायचा. मराठी घरातल्या मुलाचा कान इथे चुकत नाही, फक्त पेपरात तो कानाऐवजी तक्त्यावर विश्वास ठेवतो.

घरी करून घ्यायचं म्हणाल तर रोज तीनच शब्द, जास्त नकोत. एका वहीत प्रत्येक शब्दाला अर्धं पान. वर शब्द लिहायचा, खाली आधी उजवीकडचा भाग, मग डावीकडचा. प्रत्येक भागासमोर तो जिथे उघडा दिसतो असा एक मराठी शब्द, आणि शेवटी पुन्हा जोडून, कशाचं काय झालं ते. ‘प्रत्येक’ असेल तर : एक, म्हणून एकटा, प्रति, म्हणून प्रतिदिन, इ-चा य् झाला. उघडा शब्द तुम्हीही सुचवू शकता. त्याला संस्कृत लागत नाही, आणि तुमचा मराठी शब्दसंग्रह त्याच्यापेक्षा नक्कीच मोठा आहे. एखाद्या भागाला उघडा शब्द सापडलाच नाही तर जागा कोरी ठेवून ती शाळेत विचारायला सांगा. अंदाजाने भरलेली जागा पुढे पक्की चूक होऊन बसते.

संस्कृतच्या कार्यपत्रिकेत अवग्रहाचे शब्दही येतील. ‘ओऽ’ दिसलं तर बहुतेक वेळा आधी विसर्ग आणि नंतर अ : सोऽपि म्हणजे सः + अपि. ‘एऽ’ दिसलं तर तिथे विसर्ग नाही, पहिला शब्दच ए-कारान्त आहे : वनेऽपि म्हणजे वने + अपि.

सुरुवात कुठून करायची? कार्यपत्रिकेच्या डोक्यावर सूचना असेल, ‘अधोरेखित शब्दांचा संधी सोडवा’. आधी त्या सूचनेतला पहिलाच शब्द सोडवायला सांगा. शेपटीला उ लावला तर ‘उरेखित’, असा शब्द नाही. ‘रेखित’ मात्र आहे, रेखलेलं. मग तो उ कोणाचा, हे त्याला सांगू द्या. अडला तर ‘अधःपात’ हा शब्द तेवढा कानावर घाला.